अंगठा वर गेला म्हणजे नेमकं काय झालं? शॉर्ट व्हिडिओतल्या ‘स्वाइप’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही मराठी पाककृतींच्या आणि शेतीच्या चॅनेलांसाठी शॉर्ट व्हिडिओ एडिट करते. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न एकाच स्क्रीनशॉटसोबत येतात: यूट्यूब स्टुडिओमधला `Viewed vs. swiped away` हा आकडा. किती जणांनी व्हिडिओ पाहिला आणि किती जणांनी तो वर सरकवून टाकला, हे तो सांगतो. तो आकडा खाली आला की लोक घाबरतात, स्वतःला दोष देतात, कधी चांगला व्हिडिओ डिलीट करून मोकळे होतात. म्हणून त्याच्यामागे काय चालतं ते इथे जरा सविस्तर लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः यूट्यूब शॉर्ट्सची आहेत, गरज पडेल तिथे रील्सची आणि टिकटॉकचीही.

मी व्हिडिओ सरकवला हे फीडला कळतं कसं? मी तर कुठलंच बटण दाबलं नाही.

तुम्ही बटण दाबलं नाही तरी फोन हिशोब ठेवत असतो. व्हिडिओची पहिली चौकट कधी दिसली, तो किती मिलिसेकंद चालला, त्याची एकूण लांबी किती, आणि तुम्ही कसे बाहेर पडलात, म्हणजे वर सरकवलं, मागे आलात की अ‍ॅपच बंद केलं, अशा नोंदी होत असतात.

नोंदी कशा दिसतात हे पाहायचं असेल तर एक उघड उदाहरण आहे. क्वाइशो या चिनी शॉर्ट व्हिडिओ कंपनीच्या अ‍ॅपवरच्या वापराचा KuaiRand नावाचा डेटा 2022 मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. त्यात `is_like`, `is_comment`, `is_follow` असे रकाने आहेत. ‘नको’ असं स्पष्ट सांगितल्याचा `is_hate` आहे. आणि शेजारी `play_time_ms` व `duration_ms` आहेत: किती वेळ चालला आणि केवढा होता. ‘स्किप’ नावाचा रकाना मात्र नाही. स्किप हे या शेवटच्या दोन आकड्यांवरून काढावं लागतं. किती वेळाच्या आत निघून गेलं तर त्याला ‘लगेच सोडलं’ म्हणायचं, ती रेघ माणसं आखतात. पुढच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ या रेघेत आहे.

लाइक, कमेंट, शेअर एवढं सगळं असताना सरकवण्याला इतकं महत्त्व का?

कारण लाइक क्वचित मिळतो आणि सरकवणं दर व्हिडिओला होतं. शंभर व्हिडिओ पाहणारा माणूस दोन-तीन लाइक करेल. पण त्या शंभरही व्हिडिओंवर तो किती थांबला हे कळतंच. म्हणजे प्रत्येक व्हिडिओला प्रत्येक माणसाकडून काही ना काही उत्तर मिळतं.

दुसरं कारण पडद्याच्या रचनेत आहे. यूट्यूबच्या मुख्य पानावर समजा वीस थंबनेल आहेत. त्यातल्या एकावर तुम्ही क्लिक केलं, तर बाकीचे एकोणीस नकोसे होते की तुमची नजरच तिकडे गेली नाही, हे सांगता येत नाही. शॉर्ट्सच्या फीडमध्ये एका वेळी एकच व्हिडिओ पूर्ण पडदा व्यापतो. तो दिसला याची जवळजवळ खात्री असते. म्हणून तिथलं ‘नाही’ जास्त स्पष्ट ऐकू येतं.

अर्ध्या सेकंदात सरकवणं आणि दहाव्या सेकंदाला सरकवणं यात फरक केला जातो का?

दोन्हींचा अर्थच वेगळा आहे, त्यामुळे फरक करावाच लागतो.

अर्ध्या-पाऊण सेकंदात कुणी कथा ऐकत नाही, विनोद समजून घेत नाही. तेवढ्यात डोळ्यांना दिसते ती पहिली चौकट: चेहरा, रंग, पडद्यावरची अक्षरं, भाषा कोणती ती. इतक्या लवकर गेलेला माणूस तुमच्या व्हिडिओच्या दर्जाबद्दल काहीच बोललेला नसतो. ‘हे माझ्यासाठी नाही’ किंवा ‘हे मी आधी पाहिलंय’ एवढंच तो सांगतो. कधी तर तो कालचा एखादा व्हिडिओ शोधायला सटासट वर सरकवत असतो आणि तुमचा मध्ये आलेला असतो.

एक ते तीन सेकंदांत जाणाऱ्याने मात्र पहिलं वाक्य ऐकलेलं असतं. त्याने संधी दिली आणि त्याला कारण सापडलं नाही. माझ्या अनुभवात दुरुस्तीला सर्वांत जास्त वाव इथेच असतो.

दहाव्या, पंधराव्या सेकंदाला जाणारा माणूस वेगळीच तक्रार करतो. त्याला विषय हवा होता, पण तुम्ही मुद्द्यावर आला नाहीत, किंवा त्याला हवं ते मिळालं आणि पुढचं पाहायची गरज उरली नाही. हा दुसरा प्रकार शेतीच्या व्हिडिओंत फार दिसतो. ‘कांद्यावर करप्यासाठी काय फवारायचं’ हे बाराव्या सेकंदाला सांगून झालं की शेतकरी निघून जातो. तो समाधानी आहे, पण आलेखावर तीच घसरण दिसते. निव्वळ पाहण्याच्या वेळेवरून हे दोघे वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून सेव्ह, शेअर, त्या चॅनेलवर परत येणं अशा इतर खुणा सोबत वाचाव्या लागतात.

‘नकारात्मक संकेत’ म्हणजे प्रत्येक स्किपला माझ्या व्हिडिओचे गुण वजा होतात का?

बहुतेकांच्या मनात हेच चित्र असतं, आणि ते पुरतं बरोबर नाही.

टिकटॉकच्या आतल्या एका दस्तऐवजावर डिसेंबर 2021 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली होती. त्यात गुण काढण्याचं सोपं केलेलं सूत्र असं होतं:

```
Plike x Vlike + Pcomment x Vcomment + Eplaytime x Vplaytime + Pplay x Vplay
```

यातला P म्हणजे शक्यता, E म्हणजे अपेक्षित वेळ आणि V म्हणजे त्या गोष्टीला कंपनीने दिलेली किंमत. हा माणूस हा व्हिडिओ लाइक करण्याची शक्यता किती, तो साधारण किती वेळ पाहील, असे अंदाज किमतीने गुणून त्यांची बेरीज करायची आणि जास्त बेरीज असलेला व्हिडिओ आधी दाखवायचा.

या सूत्रात वजाबाकीचं चिन्हच नाही. मग झटकन सरकवण्याचा तोटा कुठून होतो? अंदाजातून. तुमच्या व्हिडिओवरून लोक दीड सेकंदात निघून जात असतील, तर पुढच्या तशाच माणसासाठी `Eplaytime` कमी धरला जातो आणि त्या क्षणी शर्यतीत असलेला दुसरा व्हिडिओ पुढे जातो. शिक्षा अशी होत नाही, तुमची पाळी मागे पडते.

पण याहून थेट मार्गही आहे. गूगलच्या संशोधकांनी 2023 मध्ये एक निबंध मांडला. त्यात शिफारस करणाऱ्या मॉडेलला ‘काय दाखवावं’ याच्या जोडीने ‘काय दाखवू नये’ हेही शिकवलं होतं. त्यासाठी डिसलाइकसारख्या उघड नापसंतीबरोबर स्किपसारखी अबोल नापसंतीही वापरली होती. त्यामागचं गणित एका ओळीचं आहे:

```
आवडलं:    चूक = -ln(p)
सरकवलं:   चूक = -ln(1 - p)
```

`p` म्हणजे ‘हे दाखवावं’ याबद्दल मॉडेलला वाटणारी खात्री. मॉडेलला 0.9 इतकी खात्री होती आणि माणसाने सरकवलं, तर चूक येते सुमारे 2.3. खात्री मुळात 0.1 होती आणि सरकवलं, तर चूक येते सुमारे 0.1. दोन्ही ठिकाणी माणसाचा अंगठा तसाच हलला, पण पहिल्या ठिकाणी मॉडेल बावीसपट हादरलं आणि त्याने आपला समज जास्त बदलला.

या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ज्याला आवडेल अशी खात्री होती त्याने सरकवलं तर त्याचं वजन मोठं असतं. ज्याच्याकडून अपेक्षाच नव्हती त्याने सरकवलं तर फारसं काही बिघडत नाही. स्किप ही व्हिडिओ आणि माणूस या जोडीबद्दलची बातमी आहे.

माझी आजी प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहते आणि भाऊ एका सेकंदात सरकवतो. दोघांचं मत सारखंच धरतात का?

सारखं धरलं तर व्यवस्था फसेल. भाऊ दहातले आठ व्हिडिओ सरकवत असेल, तर तुमचा व्हिडिओ त्या आठांत आला यातून जवळजवळ काहीच कळत नाही. आजी दहातले नऊ पूर्ण पाहते आणि तुमचा तेवढा दुसऱ्या सेकंदाला सरकवते, तर त्यातून खूप कळतं. उलट भावाने तुमचा व्हिडिओ पंधरा सेकंद पाहिला, तर ती मोठी पसंती आहे, आणि आजीचे पंधरा सेकंद साधेच आहेत.

स्किप हा गढूळ संकेत आहे, तो जसाच्या तसा वापरता येत नाही, त्या माणसाच्या आणि त्या क्षणाच्या संदर्भात तो मापून घ्यावा लागतो, हे क्वाइशोवरच्या 2023 मधल्या एका अभ्यासानेही मांडलं. सकाळी लोकलमध्ये उभं राहून आणि रात्री अंथरुणात पडून एकच माणूस वेगवेगळ्या वेगाने सरकवतो, हे आपण आपल्यावरूनही ओळखू शकतो.

व्हिडिओ छोटा ठेवला तर स्किप कमी होतात. मग सगळे दहा सेकंदांचेच करू का?

हा मोह अनेकांना होतो, म्हणून थोडं थांबून पाहू.

दहा सेकंदांचा व्हिडिओ सरासरी सहा सेकंद पाहिला गेला: 60 टक्के. साठ सेकंदांचा व्हिडिओ सरासरी वीस सेकंद पाहिला गेला: 33 टक्के. टक्क्यांनी मोजलं तर छोटा जिंकतो, सेकंदांनी मोजलं तर मोठा. दोन्ही मापं एका बाजूला झुकलेली आहेत, आणि नुसती सेकंदं मोजणारी व्यवस्था हळूहळू लांब व्हिडिओंनी भरून जाते. या झुकावाला संशोधनात लांबीचा पूर्वग्रह म्हणतात.

क्वाइशोच्या संशोधकांनी 2022 मध्ये सुचवलेला एक उपाय मला फार पटतो, कारण तो आपल्याकडच्या वयोगटाप्रमाणे लावलेल्या शर्यतींसारखा आहे. व्हिडिओंचे लांबीप्रमाणे गट करायचे आणि प्रत्येक पाहण्याची तुलना त्याच गटात करायची. समजा साठ सेकंदांच्या गटात वीस सेकंद पाहणं हे शंभरातल्या सत्तर पाहण्यांपेक्षा सरस निघालं, तर त्याला 0.7 मिळाले. दहा सेकंदांच्या गटात सहा सेकंद हे शंभरातल्या चाळीसपेक्षाच सरस असेल, तर त्याला 0.4. आता ‘मोठा’ पुढे गेला, पण मोठा आहे म्हणून नव्हे. त्याच्या गटात तो खरोखर बरा आहे म्हणून.

स्किपची रेघही याच कारणाने एकच ठेवून चालत नाही. तीन सेकंदांत जाणं म्हणजे सहा सेकंदांच्या व्हिडिओचा अर्धा भाग पाहणं आणि नव्वद सेकंदांच्या व्हिडिओचा नुसता उंबरठा ओलांडणं.

तेव्हा लांबी विषयाला लागते तेवढी ठेवा. पुरणपोळीचं सारण किती घट्ट हवं हे दाखवायला पंचवीस सेकंद लागत असतील तर ती घ्या. यूट्यूबवर ऑक्टोबर 2024 पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंतचा चालतो म्हणून तीन मिनिटं भरायची गरज नाही, आणि स्किपच्या भीतीने कृती अर्धवट कापायचीही नाही.

पहिल्या दिवशी आकडा चांगला होता, मग रोज घसरत गेला. व्हिडिओ तोच आहे, मग बिघडलं काय?

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा व्हिडिओत काहीही बिघडलेलं नसतं. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे समजून घेण्यासाठी घेतले आहेत, गोल आणि सोपे.

समजा गणपतीच्या आधी एका ताईंनी उकडीच्या मोदकाच्या कळ्या कशा पाडायच्या याचा 45 सेकंदांचा शॉर्ट टाकला. पहिल्या दिवशी तो 1000 वेळा फीडमध्ये आला. त्यातले 400 वेळा तो मराठी पाककृती नेहमी पाहणाऱ्यांना दिसला. त्यांपैकी 280 जण थांबले, म्हणजे 70 टक्के. उरलेले 600 वेळा तो इतरांना दिसला: काही हिंदी पदार्थ पाहणारे, काही फक्त सणांचे व्हिडिओ पाहणारे. त्यांपैकी 210 थांबले, म्हणजे 35 टक्के. एकूण 490 थांबले आणि स्टुडिओमध्ये आकडा दिसला 49 टक्के.

व्हिडिओ बरा चालला, म्हणून पुढच्या तीन दिवसांत तो आणखी 4000 वेळा दाखवला गेला. पण मराठी पाककृती पाहणारे असे किती उरले? त्यातल्या बऱ्याच जणांनी तो आधीच पाहिला होता. म्हणून या खेपेला 500 वेळा तो पहिल्या गटाला दिसला आणि 3500 वेळा दुसऱ्या गटाला. पहिल्या गटातले 70 टक्के थांबले, म्हणजे 350. दुसऱ्यातले 35 टक्के, म्हणजे 1225. एकूण 1575, म्हणजे 4000 पैकी जेमतेम 39 टक्के. आधीचे धरून पूर्ण बेरीज केली, तर 5000 पैकी 2065 थांबले आणि आकडा 41 टक्क्यांवर आला.

ताईंना 49 वरून 41 दिसतं आणि वाटतं की लोकांना व्हिडिओ आवडेनासा झाला. खरं तर पहिल्या गटाचे 70 टक्के जराही हलले नाहीत आणि दुसऱ्याचे 35 टक्केही नाहीत. बदललं ते फक्त गटांचं प्रमाण. हा घसरणीचा आकडा व्हिडिओ पसरत असल्याची खूण आहे.

हे ओळखायचं कसं? स्टुडिओ तुम्हाला ‘मराठी पाककृती पाहणारे’ असा गट दाखवणार नाही, पण जवळपास जाता येतं. सबस्क्रायबर आणि सबस्क्रायबर नसलेले यांचं प्रमाण बदललं का ते पाहा. नवे आणि परत येणारे प्रेक्षक पाहा. मग रिटेन्शनचा, म्हणजे कितव्या सेकंदाला किती प्रेक्षक उरले याचा आलेख उघडा. पहिल्या दोन-तीन सेकंदांतली घसरण वाढली, पण त्यापुढची रेघ पूर्वीसारखीच सपाट चालली असेल, तर नवखे लोक दारातून परतताहेत आणि आत आलेले समाधानी आहेत. मात्र आलेखाच्या मधल्या भागातही नवा खड्डा पडला असेल, तर आत आलेलेही कंटाळताहेत, आणि तेव्हा पुढच्या व्हिडिओच्या वेळी एडिटकडे लक्ष द्यावं.

असा व्हिडिओ कृपा करून डिलीट करू नका. पुढच्या वर्षी गणपतीच्या आठवड्यात तोच पुन्हा वर येऊ शकतो. सणाच्या पाककृतींचं हे फार चांगलं असतं.

मग चांगला आकडा म्हणायचा किती?

सगळ्या चॅनेलांना लागू पडणारा एक आकडा नाही, आणि ‘अमुक टक्क्यांच्या वर गेलं की व्हायरल’ असं छातीठोक सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. वरच्या उदाहरणात एकाच व्हिडिओचा आकडा चार दिवसांत आठ टक्क्यांनी हलला. तुलना करायची तर आपल्याच, साधारण त्याच लांबीच्या, त्याच प्रकारच्या मागच्या दहा-बारा व्हिडिओंशी करा, आणि तीही साधारण सारख्याच वेळा दाखवले गेल्यानंतर. दोनशे वेळा दाखवलेला व्हिडिओ आणि वीस हजार वेळा दाखवलेला व्हिडिओ यांची तुलना म्हणजे घरच्यांना वाढलेलं जेवण आणि गावजेवण यांची तुलना.

माझे व्ह्यू अचानक वाढले पण कमाई तशीच आहे. स्किपचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्ट चालू झाला की लगेच एक व्ह्यू धरतं, किमान किती वेळ पाहिला याची अट नाही. म्हणजे पाव सेकंदात सरकवणाऱ्याचाही व्ह्यू मोजला जातो. पूर्वीच्या पद्धतीने मोजलेला आकडा ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने अ‍ॅनालिटिक्समध्ये वेगळा ठेवलेला आहे, आणि कमाई व पार्टनर प्रोग्रामची पात्रता त्याच्यावर ठरते. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे व्ह्यू एकमेकांशी ताडून पाहू नका. आणि ‘व्ह्यू एक लाख’ म्हणजे एक लाख वेळा कुणी पाहिलं असंही समजू नका. त्यात अंगठ्याखालून नुसते घसरून गेलेलेही आहेत.

पहिल्या तीन सेकंदांत मी काय बदलू?

इन्स्टाग्रामनेही रील्सच्या इनसाइट्समध्ये पहिल्या तीन सेकंदांत किती जणांनी सोडलं हा दर दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून हा प्रश्न जास्त येतो.

मोदकाच्याच व्हिडिओकडे परत येते. मूळ एडिटमध्ये पहिले दोन सेकंद चॅनेलचा लोगो होता, मग ‘नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे’ आणि मग पाचव्या सेकंदाला पीठ. लांब व्हिडिओत नमस्कार छान वाटतो, कारण प्रेक्षक थंबनेल पाहून, ठरवून आलेला असतो. फीडमध्ये तो ठरवून आलेला नसतो. त्याला पाऊण सेकंदात लोगो दिसतो आणि तो जातो. बदल एवढाच करायचा: पहिली चौकट बोटांची, कळी अर्धी पडलेली, आणि पहिलं वाक्य ‘पारी फाटते ती इथे’. ज्याची पारी दरवर्षी फाटते तो थांबतो. ज्याला मोदकात रस नाही तो तरीही जाईल, आणि त्याने जावं. त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती, तेव्हा त्याच्या जाण्याची चूकही लहान.

म्हणून मला सर्वांना थांबवणारी सुरुवात नको असते. ‘हे पाहून धक्का बसेल’ असं लिहून मोदक दाखवले, तर पहिल्या तीन सेकंदांचा आकडा सुधारतो. मग सातव्या सेकंदाला तेच लोक फसल्यासारखे होऊन निघून जातात, आणि घसरण फक्त पुढे ढकलली जाते. पूर्वी यूट्यूब क्लिकवर भर देत असे तेव्हा फसव्या थंबनेलांचा सुळसुळाट झाला होता, आणि 2012 मध्ये त्यांनी भर पाहण्याच्या वेळेवर नेला तो यासाठीच. फसवी सुरुवात हा तोच जुना रोग आहे, फक्त थंबनेलऐवजी पहिल्या चौकटीत आलेला.

पडद्यावरच्या अक्षरांबद्दल एक सुचवते. मराठी व्हिडिओच्या पहिल्या चौकटीत देवनागरीत, मराठीच्या खास शब्दांत मजकूर ठेवा. ‘मोदक की कलियाँ’ असं लिहिलं तर हिंदी प्रेक्षक एक सेकंद जास्त थांबतो, मग आवाज मराठी निघाला की जातो. ‘कळ्या’ लिहिलं की ज्याच्यासाठी व्हिडिओ आहे त्याला पहिल्याच क्षणी कळतं.

नेट अडकलं म्हणून कुणी सरकवलं, तर तेही माझ्याच नावावर?

काही प्रमाणात हो, जर मोजणी नीट केलेली नसेल तर. चांगल्या मोजणीत वेळ पहिली चौकट पडद्यावर उमटल्यापासून धरतात आणि गोल फिरणाऱ्या चक्राचा वेळ वेगळा ठेवतात. म्हणूनच अ‍ॅप पुढचे व्हिडिओ आधीच थोडे उतरवून ठेवतं. तरीही चुकून लागलेला अंगठा, मध्येच आलेला फोन, खिशात गेलेला मोबाइल, हे सगळं उरतंच. हजारो वेळा दाखवल्यावर हा कचरा सगळ्या व्हिडिओंना साधारण सारखा वाटला जातो. पन्नास वेळा दाखवलेल्या व्हिडिओला तो वाटला जात नाही. चार माणसांचं नेट अडकलं की तुमचा आकडा आठ टक्क्यांनी हलला. पहिल्या तासात स्टुडिओ उघडून बसू नका असं मी सांगते ते यासाठी.

प्रेक्षक म्हणून मला नको ते व्हिडिओ थांबवायचे आहेत. नुसतं भराभर सरकवणं पुरेल का?

बराच फरक पडतो, पण वेग महत्त्वाचा. चिडून, ‘काय हा मूर्खपणा’ म्हणत वीस सेकंद पाहिलं, कमेंटमध्ये भांडलात, तर नोंदीत वीस सेकंद आणि एक कमेंट जाते. राग तिथे लिहिला जात नाही. नको असलेला व्हिडिओ दिसताक्षणी सोडा.

बटणांवर फार विसंबू नका. मोझिलाने 2022 मध्ये हजारो स्वयंसेवकांच्या मदतीने यूट्यूबच्या शिफारशी तपासल्या, तेव्हा डिसलाइकने नकोशा शिफारशी सुमारे 12 टक्केच रोखल्या आणि ‘रस नाही’ने सुमारे 11 टक्के. ‘या चॅनेलची शिफारस नको’ हे बटण त्यातल्या त्यात उपयोगी ठरलं, सुमारे 43 टक्के. तो अभ्यास यूट्यूबच्या एकूण शिफारशींचा होता, पण चॅनेल रोखणारं बटण शॉर्ट्सवरही आहे, तेव्हा तेच आधी वापरा.

घरात एकच फोन आहे. दुपारी सासूबाई कीर्तन पाहतात, संध्याकाळी नातू गाड्या. फीड कुणाचं ऐकतं?

दोघांचंही, एकाच माणसाचं समजून. नातवाने झटझट सरकवलेली कीर्तनं आणि सासूबाईंनी सरकवलेल्या गाड्या एकाच खात्यात जमा होतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला दुसऱ्याची नावड येते. फोन एकच राहिला तरी खाती दोन करता येतात. यूट्यूबमध्ये आपल्या प्रोफाइलच्या चित्रावरून खातं बदलता येतं. सासूबाईंना ते जमत नसेल, तर नातवालाच सांगा, गाड्या पाहण्याआधी स्वतःच्या खात्यावर जायचं आणि फोन परत देताना आजीचं खातं लावून द्यायचं.